नाक उघडणारी बाटली आणि चोंदलेले नाक

कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण कक्षात एक तक्रार नेहमी येते. रुग्ण सांगतो, ‘‘डॉक्टर, नाकाचं हाड वाढलंय. ऑपरेशन करून टाका. वर्षभर नाक चोंदलेलंच आहे.’’ काय उपचार घेतले, असे विचारले की तो म्हणतो, ‘‘उपचार असे काही नाहीत. फक्त थेंब टाकतो.’’ ते थेंब बहुधा त्याच्या शर्टाच्या खिशातच असतात. दुसरी बाटली उशाशी, तिसरी गाडीत. वर्षभरापूर्वी एका साध्या सर्दीत केमिस्टकडून घेतलेली ही बाटली त्याच्या लेखी औषधच नसते, कारण तिच्यावाचून श्वास घेता येत नाही एवढेच त्याला ठाऊक असते. नाक चोंदलेले राहण्याचे कारण मात्र अनेकदा तीच असते.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा एवढाच आहे: नाक तात्पुरते मोकळे करणारे स्प्रे किंवा थेंब फार दिवस वापरले की नाक उलट का चोंदते आणि या चक्रातून सुखरूप बाहेर कसे पडायचे. वैद्यकशास्त्र या विकाराला ‘ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोसा’ म्हणते, म्हणजे औषधामुळे झालेला नाकाचा दाह. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील लेक या डॉक्टरांनी 1946 मध्ये याच शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी फाइनबर्ग आणि फ्रीडलेंडर यांनी ‘प्रिव्हिन’ म्हणजे नॅफॅझोलिन हे औषध वारंवार वापरणाऱ्या रुग्णांची नाके चोंदलेली राहतात, असे अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात नोंदवले होते. म्हणजे हा धोका जवळपास ऐंशी वर्षे माहीत आहे. तरीही बाटली विकताना तो कोणी तोंडी सांगत नाही.

बाटलीने काय घडते हे कळायला आधी नाकात एरवी काय घडते ते पाहायला हवे. नाकपुडीच्या बाहेरील भिंतीवर, म्हणजे गालाच्या बाजूला, एकाखाली एक अशा तीन वळ्या असतात. त्यांना टर्बिनेट म्हणतात. सर्वांत खालची वळी सर्वांत मोठी असते, आणि नाक चोंदते ते मुख्यतः तिच्यामुळे. तिच्या अस्तराखाली रक्त साठवणाऱ्या पातळ शिरांचे दाट जाळे असते. या शिरा भरल्या की वळी स्पंजासारखी फुगते आणि हवेची वाट अरुंद होते, रिकाम्या झाल्या की वाट उघडते. शिरा आवळून ठेवण्याचे काम शरीराचे स्वतःचे रसायन करते, नॉरअॅड्रेनालिन. मज्जातंतूंच्या टोकांतून ते सतत थोडे थोडे झिरपत असते.

निरोगी माणसाच्याही दोन नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एका बाजूची वळी फुगलेली असते, मग दुसरीची. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी 1895 मध्ये या आलटून-पालटून चालणाऱ्या चक्राचे वर्णन केले. रात्री कुशीवर झोपले की खालच्या बाजूची नाकपुडी अधिक बंद वाटते, हेही स्वाभाविकच. या गोष्टीचा पुढे उपयोग होणार आहे, कारण बाटली सोडणारा माणूस या साध्या चढउतारालाही घाबरतो आणि बाटलीकडे हात नेतो.

बाजारात मिळणाऱ्या झटपट स्प्रेंतील औषधांची नावे ऑक्सिमेटॅझोलिन, झायलोमेटॅझोलिन, नॅफॅझोलिन अशी असतात. ‘झोलिन’ हा शेवट बाटलीवर दिसला की ती या कुळातली समजावी. ही औषधे शिरांवरच्या त्याच ग्राहींवर बसतात ज्यांवर नॉरअॅड्रेनालिन बसते. शिरा आवळल्या जातात, वळी आकसते आणि दोन-चार मिनिटांत नाक सुटते. झायलोमेटॅझोलिनचा परिणाम आठ-दहा तास आणि ऑक्सिमेटॅझोलिनचा बारा तासांपर्यंत राहतो. सर्दी ऐन भरात असताना, कानांना दडे बसलेले असताना किंवा घोळणा फुटल्यावर ही औषधे खरोखर उपयोगी पडतात आणि डॉक्टरही ती देतात. त्यांच्यात वाईट असे काही नाही. वाईट आहे ते दिवस मोजायचे राहून जाणे.

काही दिवसांनी ग्राही थकतात. बाहेरून रोज भरपूर संदेश येत असल्याने पेशी आपले काही ग्राही आत ओढून घेतात आणि उरलेले पूर्वीइतक्या जोमाने उत्तर देत नाहीत. त्याच वेळी मज्जातंतूंची टोके आपले नॉरअॅड्रेनालिन कमी सोडू लागतात, कारण बाहेरून काम होतच आहे असा निरोप त्यांना मिळत असतो. परिणामी औषधाचा अंमल उतरला की शिरांना आवळून धरणारे कोणीच उरत नाही आणि वळी आधीपेक्षा जास्त फुगते. वारंवार रक्तपुरवठा तोडल्याने अस्तराच्या ऊतीत पाणी साचते, ते वेगळेच. दीर्घकाळ वापरणाऱ्यांच्या नाकाचे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर धूळ आणि शेंबूड मागे लोटणारे बारीक केस झडलेले आणि शेंबूड तयार करणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. या सगळ्या स्पष्टीकरणांपैकी नेमके कोणते किती खरे, यावर संशोधक अजून एकमताला आलेले नाहीत. फुगलेली वळी मात्र डॉक्टरला डोळ्यांनी दिसते.

या बाबतीत स्कॉटलंडमधील डंडी येथे झालेला एक प्रयोग सविस्तर पाहण्यासारखा आहे. 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात 19 निरोगी माणसांनी भाग घेतला. ज्यांना सर्दी नाही, अॅलर्जी नाही, नाकाची काहीच तक्रार नाही, अशांच्या नाकात ऑक्सिमेटॅझोलिन फवारायचे आणि काय होते ते पाहायचे, असा बेत होता. मात्रा होती एका वेळी 200 मायक्रोग्रॅम, दिवसातून तीनदा. हा आकडा मोठा वाटेल, पण 0.05 टक्के तीव्रतेच्या नेहमीच्या बाटलीच्या प्रत्येक फवाऱ्यातून साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध येते. दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे म्हणजे 200. घरोघरी लोक जेवढे मारतात तेवढेच. वेष्टनावर दिवसातून दोनदा असे लिहिलेले असते, प्रयोगात तीनदा होते, एवढाच फरक.

हा क्रम 14 दिवस चालला. श्वास आत घेताना नाकातून हवा किती वेगाने वाहते, हे मोजण्याचे एक साधे यंत्र असते. त्याने मोजले तेव्हा दिसले की दोन आठवड्यांनी औषध पूर्वीइतके काम करीत नव्हते, आणि ते अंगात नसताना नाक प्रयोगाच्या आधीपेक्षा जास्त चोंदलेले होते. निरोगी माणसाला दोन आठवड्यांत औषधाने स्वतःचाच आजार दिला. मग संशोधकांनी ऑक्सिमेटॅझोलिन बंद न करता त्याच्या जोडीला फ्लुटिकॅसोन या स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे दिवसातून दोनदा, तीन दिवस दिला. तीन दिवसांत चोंदणे ओसरले आणि ऑक्सिमेटॅझोलिनची हरवलेली ताकद परत आली.

या प्रयोगातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे ग्राही कायमचे मरत नाहीत, ते परत आणता येतात. वर्षानुवर्षे बाटलीवर जगणाऱ्याला ही माहिती दिलासा देणारी आहे. दुसरी म्हणजे त्यांना परत आणणारे औषध आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. तिसरी गोष्ट मात्र कोणी घेऊ नये: दोन्ही स्प्रे जोडीने आयुष्यभर मारत राहिले तरी चालेल, असे या प्रयोगाने दाखवलेले नाही. जोडीचा वापर त्यात तीनच दिवस झाला, आणि तोही निरोगी माणसांवर.

किती दिवस वापरले की धोका सुरू होतो, याचे एकच उत्तर नाही. अमेरिकेत ऑक्सिमेटॅझोलिनच्या वेष्टनावर तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नये, असे छापलेले असते. इतर देशांतील सूचना पाच किंवा सात दिवसांपर्यंत जातात. स्टॉकहोममध्ये पीटर ग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत निरोगी माणसांना दहा दिवस ऑक्सिमेटॅझोलिन दिले तेव्हा उलट सूज आली नाही, 30 दिवस दिले तेव्हा ती आली. डंडीत ती 14 दिवसांत आली. माणसागणिक, मात्रेगणिक फरक पडतो. म्हणूनच तीन दिवस, आणि फारच गरज पडली तर पाच, ही मर्यादा शहाणपणाची. दहा मिलिलिटरच्या स्प्रेच्या बाटलीतून साधारण शंभर फवारे निघतात. वेष्टनावरच्या सूचनेप्रमाणे दिवसाला आठ फवारे धरले तर तीन दिवसांत चोवीस वापरले जातात आणि पाऊण बाटली शिल्लक उरते. ती टाकून देण्यासाठी असते, पण पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकून देणे आपल्याकडे जिवावर येते, आणि घरातला प्रत्येक जण पुढच्या सर्दीसाठी ती फडताळात ठेवतो. स्प्रे उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवणे ही आणखी एक साधी सवय आहे, फारच थोड्या घरांत आढळणारी.

आता ओळखायचे कसे? अॅलर्जीत शिंका येतात, नाक आणि डोळे खाजतात, पाण्यासारखे नाक गळते. विषाणूच्या सर्दीत घसा धरतो, कणकण येते आणि आठवडा-दहा दिवसांत सगळे निवळते. बाटलीमुळे चोंदलेल्या नाकात यांपैकी बहुधा काहीच नसते. नुसते चोंदणे असते, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, आणि ते फवारा मारल्यावर सुटते. सर्वांत बोलका पुरावा वेळेचा. सुरुवातीला एका फवाऱ्यात रात्र निघायची, मग पहाटे जाग येऊ लागली, मग दर तीन-चार तासांनी, आता तासाभरात. मात्रा वाढते आहे आणि आराम घटतो आहे, असे ज्याच्या लक्षात येते त्याने आपल्या नाकाचे निदान अर्ध्याहून अधिक स्वतःच केलेले असते. तज्ज्ञ आत पाहतो तेव्हा खालची वळी लालभडक आणि फुगलेली दिसते.

निदान पूर्ण झाले असे न म्हणण्याचे कारण असे की बाटली पहिल्यांदा हातात घ्यायला काहीतरी निमित्त घडलेले असते. ते निमित्त अजून आत बसलेले असू शकते: धुळीतल्या किड्यांची अॅलर्जी, नाकाचा वाकडा पडदा, किंवा राखाडी, द्राक्षासारखे लोंबणारे पॉलिप. पडदा आणि पॉलिप आतून दुर्बिणीने पाहिल्याखेरीज नीट कळत नाहीत. एकाच बाजूचे नाक सतत चोंदत असेल, त्यातून रक्त येत असेल, चेहऱ्याच्या एका बाजूला दुखत असेल किंवा डोळ्याला काही जाणवत असेल तर बाटलीचा विचार बाजूला ठेवून लगेच तज्ज्ञाकडे जावे. अशा तक्रारींमागे वेगळेच कारण असू शकते आणि ते शोधायला उशीर करू नये.

सोडण्याचा मार्ग कसा असतो हे समजायला एक काल्पनिक रुग्ण उभा करू. हा कोणी एक खरा माणूस नाही, या विकाराच्या अनेक रुग्णांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून घडवलेला नमुना आहे. भोसरीतल्या कारखान्यात पाळीने काम करणारा चाळिशीचा माणूस. गेल्या दिवाळीत सर्दी झाली, तेव्हापासून झायलोमेटॅझोलिन चालू. आता दिवसातून आठ-नऊ वेळा, रात्री दोनदा उठून. घरचे म्हणतात घोरणे वाढले. सकाळी तोंड कोरडे. रक्तदाब थोडा चढलेला. तज्ज्ञाने आत पाहिले तर दोन्ही बाजूच्या खालच्या वळ्या फुगलेल्या, पडदा जरासा डावीकडे वाकलेला, पॉलिप नाहीत.

त्याला पहिल्या भेटीत कोणी बाटली फेकायला सांगत नाही. आधी स्टिरॉइडचा स्प्रे सुरू होतो: फ्लुटिकॅसोन किंवा मोमेटॅसोन, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा. एक फवारा 50 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे दिवसाचे 200. जुनी बाटली सध्या चालू, पण मोजून. या स्प्रेमुळे नाक दोन मिनिटांत सुटत नाही. थोडा फरक एक-दोन दिवसांत, पुरता परिणाम आठवडा-दोन आठवड्यांत. हे पहिल्याच दिवशी न सांगितल्यास तो तिसऱ्या दिवशी ‘‘याने काही होत नाही’’ म्हणून स्प्रे बाजूला ठेवतो, आणि उपचार इथेच संपतो. ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून घाबरणारेही बरेच असतात. नाकातल्या या औषधांचा फार थोडा अंश रक्तात जातो आणि महिनोन्‌महिने वापरता येतील अशीच ती आहेत. तरीही मुलांना आणि काचबिंदूच्या रुग्णांना ती डॉक्टरच्या नजरेखालीच द्यावीत.

फवारण्याची पद्धत इथे फार महत्त्वाची ठरते आणि ती दाखवायला डॉक्टरला दोन मिनिटे लागतात. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे वाकवायची. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा, म्हणजे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळते. मधल्या पडद्यावर रोज तीच धार बसली की पडदा कोरडा पडतो आणि रक्त येते. फवारताना श्वास हळू घ्यायचा. जोराने ओढले तर औषध घशात उतरते आणि तोंड कडू होते, नाकाला काही मिळत नाही.

आठवडा-दहा दिवसांनी दुसरा टप्पा. दोन नाकपुड्यांपैकी त्यातल्या त्यात बरी असलेली नाकपुडी निवडायची आणि तिच्यात झायलोमेटॅझोलिन पूर्ण बंद करायचे. दुसऱ्या बाजूला रात्री झोपताना एक फवारा चालेल. बंद केलेली बाजू दोन-तीन दिवस घट्ट चोंदते. माणूस अस्वस्थ होतो, पण गुदमरत नाही, कारण दुसरी बाजू उघडी आहे. हळूहळू ती बाजू सुटू लागते, आणि रुग्णाला जे पटायला हवे ते इथे पटते: बाटलीवाचूनही नाक उघडते. मग दुसरी बाजूही बंद. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे झोप टिकते.

सगळे एकदम बंद करणे हाही प्रामाणिक मार्ग आहे. स्वीडनमध्ये हालेन, एनेर्दाल आणि ग्राफ यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 20 रुग्णांनी आपापल्या बाटल्या एका दिवसात सोडल्या. निम्म्यांना 14 दिवस फ्लुटिकॅसोन, निम्म्यांना औषध नसलेला स्प्रे. दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण फ्लुटिकॅसोन घेणाऱ्यांची लवकर आणि जास्त. म्हणजे बाटली सुटली की नाक आपणहूनही सावरते. स्टिरॉइड स्प्रे त्या प्रवासातले कठीण दिवस कमी करतो.

हे कठीण दिवस कधी घ्यायचे, हे रुग्णाने स्वतः ठरवावे. रात्रपाळीच्या आठवड्यात, घरात लग्न असताना, परीक्षेच्या तोंडावर सुरुवात करू नये. लागोपाठ तीन-चार रात्री झोप बिघडली तरी चालेल असा आठवडा पाहावा. उशी एकाऐवजी दोन घ्याव्यात, किंवा पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी, कारण सपाट झोपले की वळीतल्या शिरांत रक्त जास्त भरते. त्या दिवसांत मद्य टाळावे, कारण त्याने नाकातल्या शिरा फुगतात.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे याच वेळी उपयोगी पडते. जलनेती करणाऱ्यांना हे नवे नाही. पाव लिटर पाण्यात चहाच्या अर्ध्या चमच्याहून जरा कमी मीठ, एवढे प्रमाण बरोबर. पाणी मात्र नळाचे थेट घेऊ नये. एक मिनिट खळखळून उकळून गार केलेले, किंवा बाटलीबंद निर्जंतुक पाणीच घ्यावे. नेग्लेरिया नावाचा अमिबा दूषित पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि बहुतेक वेळा जीव घेतो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत याचे रुग्ण आढळले आहेत. तो विरळा आहे हे खरे, पण पाणी उकळायला लागणारा वेळ त्या धोक्यापुढे काहीच नाही. मिठाचे पाणी औषधी थेंबांत मिसळून ते घरी पातळ करत नेण्याचा सल्लाही काही जण देतात. तत्त्व बरोबर आहे, पण उघडलेल्या बाटलीत घरचे पाणी भरले की ती जंतूंचे घर होऊ शकते. पातळ मात्रा हवीच असेल तर मुलांसाठीची कमी तीव्रतेची तयार बाटली डॉक्टरला विचारून घ्यावी.

निलगिरी, कापूर, मेंथॉलच्या नळ्यांबद्दल एक खुलासा हवा. कार्डिफमधील रॉन एकल्स यांनी मेंथॉलवर केलेल्या अभ्यासांत दिसले की त्याने नाकातला हवेचा अडथळा कमी होत नाही. नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते आणि श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. त्यामुळे पहिल्या चार रात्री मेंथॉलची नळी हाताशी असायला हरकत नाही. तिने वळी आकसत नाही आणि उलट सूजही येत नाही. तान्ह्या बाळांजवळ मात्र कापूर किंवा मेंथॉल नेऊ नये.

आपला नमुना रुग्ण साधारण तिसऱ्या रात्री अडकतो. पहाटे तीन वाजता तो उठून बसतो. ‘‘एकदाच’’ असे मनाशी म्हणून फवारा मारतो, आणि नाक उघडते. त्या एका फवाऱ्याने सगळी मेहनत वाया जाते असे नाही. पण दुसऱ्या रात्रीही तोच फवारा लागला तर चक्र पुन्हा सुरू झाले, असे समजावे. म्हणून सोडण्याच्या दिवसांत बाटल्या घरात ठेवू नयेत, उशाशी तर नाहीच. नेटाने करूनही जमत नसेल तर डॉक्टर काही दिवसांपुरत्या स्टिरॉइडच्या गोळ्या देऊ शकतो. मधुमेह किंवा पोटाचा अल्सर असणाऱ्याने त्या स्वतःहून कधीही घेऊ नयेत. चोंदलेले नाक सोडवणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांचा आधार या रुग्णाला उपयोगाचा नाही. स्यूडोएफेड्रिनने रक्तदाब चढतो, आणि गोळीतल्या फिनाइलेफ्रिनचा नाकावर परिणाम होत नाही, असे अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर 2023 मध्ये एकमताने म्हटले.

आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांचे नाक लक्षणीय मोकळे होते. वर्षानुवर्षे वापरलेल्यांना अस्तर पूर्ववत व्हायला काही महिनेही लागतात, आणि तोवर स्टिरॉइड स्प्रे चालू राहतो. वाकड्या पडद्याच्या शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर. बाटली चालू असताना फुगलेल्या वळ्यांमुळे पडद्याचा दोष खरोखर किती, हे ठरवताच येत नाही. आपल्या रुग्णाचा पडदा थोडासाच वाकडा होता. सहा आठवड्यांनी त्याचे नाक दोन्ही बाजूंनी चालू लागले, तर शस्त्रक्रिया कशासाठी करायची? ज्याची एक बाजू तरीही बंद राहिली त्याच्यासाठी शस्त्रक्रिया आहेच, वळी लहान करण्याचीही आहे. पण बाटली आधी सुटली नाही तर शस्त्रक्रियेनंतरही तो तिच्याकडेच परततो.

लहान मुलांबाबत थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. तान्ही बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. त्यांचे नाक चोंदले की आई-वडील घाबरतात आणि घरातल्या मोठ्यांची बाटली हाताशी येते. तसे करू नये. बाळासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे असतात. या कुळातले औषध लहान मुलाने चुकून प्यायले तर एक-दोन मिलिलिटरही घातक ठरू शकते. मूल सुस्त होते, नाडी मंदावते, श्वास उथळ होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2012 मध्ये पालकांना याचा इशारा दिला होता. असे झाल्यास वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत घेऊन जावी.

नाक सुटलेल्या माणसाला शेवटी एक गोष्ट सांगायची राहते. ग्राफ आणि हालेन यांनी या विकारातून बरे झालेल्या रुग्णांना वर्षभरानंतर पुन्हा एक आठवडा ऑक्सिमेटॅझोलिन दिले, तेव्हा त्या आठवड्यातच उलट सूज परतली. नाक बरे दिसते, पण पूर्वीइतके सहनशील राहत नाही. म्हणून अशा माणसाने पुढच्या सर्दीत या बाटलीकडे वळू नये, तीन दिवसांसाठीसुद्धा नाही, आणि दर वेळी डॉक्टरला व केमिस्टला स्वतःहून सांगावे की मला पूर्वी या थेंबांचा त्रास झाला आहे. ज्यांच्या खिशात ती बाटली आज आहे, त्यांनी घरी गेल्यावर तिच्यावरचे औषधाचे नाव वाचावे, पहिली बाटली कधी घेतली ते आठवावे, आणि आठवड्याहून जास्त दिवस झाले असतील तर येत्या काही दिवसांतच कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवून स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करावा.